अपडाऊनचा सेट: रुमाल कुठे टाकायचा

पाचोरा

प्रिय सुन्या,

तुझ्या स्टँडअपच्या सेटचा कच्चा मसुदा वाचला. विषय एकदम बरोबर धरलास. पाचोरा-जळगाव अपडाऊनवर आपल्याकडे प्रत्येकाकडे किस्से आहेत, पण स्टेजवर कोणी नीट बांधून आणलेलं नाही. तुझ्या पानांत अकरा मुद्दे आहेत आणि वेळ पाच मिनिटं, तिथेच गाडी अडते. हसण्याचा वेळ धरला तर पाच मिनिटांत साडेपाचशे शब्दांच्या वर बोलता येत नाही. तेवढ्यात तीन मुद्दे बसतात, चौथा दारात लटकतो.

संडासाचा विनोद काढ, तो कोणीही करतं. टाळ्या वाजवत पैसे मागणाऱ्यांवरचाही काढ. ज्यांना डब्यात आधीच कोणी जागा देत नाही त्यांच्यावर हसवणं सोपं आहे, पण नंतर प्रेक्षक तुझ्याकडे जरा लांबून बघतात. चहावाला ठेवण्यासारखा आहे, पण तो पुढच्या सेटला. तू ठेवायचेस तीन: सरकणं, रुमाल आणि बाजूला उभी राहिलेली पॅसेंजर.

सुरुवात सरकण्यापासून कर. तुझं वाक्य होतं, "गर्दीत कोणी सरकत नाही." ही तक्रार झाली. खरी गंमत बारकाईत आहे. तिघांच्या बाकावर चौथा येतो आणि म्हणतो, "सरक ना भो." तिघेही लगेच खांदे हलवतात, अंग चोरल्यासारखं करतात आणि होते तिथेच परत बसतात. एक इंचही जागा होत नाही, पण नकार कोणीच दिलेला नसतो. मग म्हण: "आपल्याकडे सरकणं म्हणजे जागा देणं नाही. सरकणं म्हणजे खांदा उचलून परत तिथेच ठेवणं." खांद्याची ती हालचाल करून दाखव आणि ती चालू असताना बोलू नकोस. स्टूल आधीच मागवून ठेव आणि त्याच्या डाव्या कडेला अर्धाच बस. शेवटीही त्याच कडेला बसायचं आहे, म्हणून ती जागा बदलू नकोस. माईक छातीशी धर, नाहीतर खांदा हलला की आवाजही जातो.

चौथ्याला जागा मिळते तेव्हाच्या वाक्यावर तू घसरलास: "चौथा माणूस टेकलेला असतो, बसलेला नसतो." हशा "टेकलेला"वर आहे आणि तू त्याच्यापुढे तीन शब्द ठेवलेस. लोक हसायला लागतात तेव्हा तू अजून बोलतच असतोस. आपली क्रियापदं शेवटी येतात, म्हणून हे वारंवार होतं. क्रियापद आधी उरकून टाक: "चौथा बसलेला नसतोच. टेकलेला." आणि तिथे थांब. बाकीची सगळी वाक्यं याच नजरेने तपास.

मग रुमाल. पॅसेंजर फलाटाला लागते न लागते तोच खिडकीच्या गजांतून रुमाल आत पडतो. "शेतावर हक्क सांगायला सातबारा लागतो, सीटवर सांगायला रुमाल पुरतो." यावर जळगावात नक्की हसतील. पुढे चढत जा: आधी रुमाल, मग पेपर, मग गज नसलेल्या आपत्कालीन खिडकीतून लहान पोरगं. "बाप सांगतो, पाय पसरून बस, मी येतोच. त्या दिवशी पोराला कळतं, आपली घरातली किंमत रुमालाएवढी." यानंतर मुद्दाम एक साधं वाक्य पेर, हशा न मागता: "आणि रुमाल असलेल्या जागेवर कोणी बसत नाही. कोणाचा आहे, तेही विचारत नाही." शेवट या वाक्यावर उभा राहणार आहे, म्हणून ते स्पष्ट आणि सावकाश म्हण.

तिसरा तुकडा छोटा ठेव. म्हसावदला पॅसेंजर बाजूच्या रुळावर घेतात, मागची एक्सप्रेस धडधडत निघून जाते, आपण गजातून तिचे एसी डबे बघत बसतो. इथे तू उशिरावर सात ओळी लिहिल्यास, त्या सगळ्या खोड. एकच ठेव: "अख्ख्या रेल्वेत सांगितल्यावर खरंच सरकते ती एकटी पॅसेंजर." हा पहिला कॉलबॅक. तो चालतो कारण मधे रुमालाचा तुकडा गेलाय, लोक खांदे जरा विसरलेत, आणि शब्द तोच असला तरी सरकणारं बदललंय. नुसतं "सरक ना भो" पुन्हा म्हटलंस तर ती आठवण होईल, विनोद होणार नाही. आणि "आठवतंय ना, मघाशी सांगितलं" असं चुकूनही म्हणू नकोस.

आता शेवट. तू ऑफिसातल्या साहेबाच्या बोलण्यावर संपवलंस, पण साहेब आधी कुठेच आलेला नाही. लोकांना नवा माणूस ओळखण्यात वेळ जातो आणि हशा अर्धा होतो. शेवटच्या मिनिटात नवीन काही आणायचं नसतं. हे करून बघ:

"रविवारी बायको-मुलीला घेऊन त्याच गाडीने निघालो. डबा रिकामा. अख्ख्या बाकावर मी एकटा, कडेला. बायको म्हणाली, अहो, सरका ना जरा." (खांदा हलव, तिथेच राहा. हशा ओसरू दे.) "अहो, अख्खा बाक रिकामा आहे! – तिथे रुमाल आहे. – कोणाचा? – ...माझाच."

"माझाच" म्हणायच्या आधी एकदा रुमालाच्या जागेकडे बघ. म्हटल्यावर "धन्यवाद" म्हणून उतर, त्यावर शेपूट जोडू नकोस. खांदा आणि रुमाल दोन्ही इथे भेटतात, म्हणूनच त्यांना पहिल्या अडीच मिनिटांत पेरायचं.

यात एक धोका आहे. रुमालाचा तुकडा त्या रात्री पडला, तर "माझाच" कोणाला लागणार नाही. ज्यावर लोक आधी हसलेले नाहीत ते त्यांना परत आठवत नाही. म्हणून सातबाऱ्यावर कान ठेव. तिथे शांतता असेल तर रविवार गाळ आणि एकट्या पॅसेंजरवर संपव. सेट मिनिटभर आधी संपेल, त्याने काही बिघडत नाही. मागून दिवा दाखवला की बहुतेक ठिकाणी मिनिटभरच उरलेलं असतं. तेव्हा म्हसावदला अडकलेला असशील तर थेट रविवारावर ये.

पुण्यात करशील तेव्हा पहिल्याच वाक्यात सांग की ही लोकल नाही, गजांच्या खिडक्यांची, लांब बाकांची गाडी आहे. नाहीतर ते डोळ्यांपुढे लोकलचा दरवाजा आणतील आणि रुमाल कुठून आत गेला तेच त्यांना कळणार नाही. म्हसावदच्या जागी "मधलं एक छोटं स्टेशन" चालेल. धुळ्यात मात्र चौथ्याच्या तोंडी "जागा शे का भो?" घाल, तिथे सुरुवातीलाच हशा येईल. पण त्यामागून "सरक ना भो" यायलाच हवं, पुढचं सगळं त्या शब्दावर आहे.

दर वेळी मोबाईलवर आवाज रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी ऐकताना फक्त हशाच्या जागांवर कागदावर खुणा कर. दोन खुणांमध्ये वीस सेकंदांपेक्षा जास्त अंतर पडलं तर तिथलं एक वाक्य जास्तीचं आहे. माझा अंदाज, ते बहुतेक पोराच्या किश्शात सापडेल. तू तिथे बापाचं गाव, त्याचा शर्ट, सगळंच सांगत बसलायस.

नवीन मसुदा शनिवारच्या आत पाठव. स्टुलाची उंची आयोजकांना आधीच विचारून घे. बारमधलं उंच स्टूल दिलं तर कडेला टेकल्यावर पाय लोंबकळतात आणि बाक कोणालाच दिसत नाही.

तुझा,
बाळू