६१ गुण, तरी नापास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातलं प्राचार्य महोदयांचं पत्र वाचलं. ‘अंतर्गत गुणांतसुद्धा नापास होणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल काय बोलावं?’ असं त्यांनी विचारलंय. बोलण्यासारखं पुष्कळ आहे. मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, तेव्हा आकड्यांतच बोलतो.

माझी पुतणी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रसायनशास्त्राचा पेपर शंभरचा, त्यात ४० अंतर्गत आणि ६० लेखी. दोन्हीकडे स्वतंत्रपणे ४० टक्के हवेत, म्हणजे इकडे १६ आणि तिकडे २४. तिला लेखीत ४७ मिळाले, अंतर्गतमध्ये १४. बेरीज ६१, निकाल नापास. तिच्याच बाकावरच्या मैत्रिणीला लेखीत २५ आणि अंतर्गत ३६. बेरीज तीच ६१, ती पास! त्या पोरीबद्दल माझी काही तक्रार नाही, पेढे मीही खाल्ले.

आता हे १४ आले कुठून ते बघा. पंधरा-पंधराच्या दोन चाचण्या आणि दहाची असाइनमेंट. पहिल्या चाचणीत तिला पंधरापैकी १४ होते. दुसरीच्या दिवशी ओढ्याच्या पुलावरून पाणी, एसटी गावात आलीच नाही. गैरहजर, शून्य. असाइनमेंटची वही तिने वेळेवर दिली होती, पण तासिका तत्त्वावरचे सर दिवाळीनंतर आलेच नाहीत. (त्यांना तरी काय म्हणावं? मानधन थकलेलं होतं म्हणे. कायम जागा भरायच्या नाहीत आणि मूल्यमापन मात्र ‘सातत्यपूर्ण’ हवं!) पुढे ती वही विभागाच्या कपाटात सापडली. लाल शाईत दहापैकी ९, खाली सही आणि तारीख. पोर्टलवर मात्र शून्य. १४ आणि ९ किती होतात, हे प्राचार्य महोदयांनी सांगावं.

कॉलेज म्हणतं, गुण लॉक झाले, विद्यापीठात जा. विद्यापीठ म्हणतं, दुरुस्तीचा प्रस्ताव कॉलेजनेच पाठवायचा. या दोन वाक्यांच्या मधे आमच्या चार खेपा झाल्या.

पण म्हणून ही वेगवेगळ्या उत्तीर्णतेची अटच काढा, असं मी म्हणणार नाही. लेखीची २४ ची रेघ हवीच. सूचनाफलकावर त्या वर्गाची यादी मी चष्मा लावून वाचली. अंतर्गत गुण जवळजवळ सगळ्यांचे ३३ ते ३८, लेखीचे ९ पासून ५२ पर्यंत. म्हणजे नावाला ४० गुण, पण मुलांमधला फरक दाखवतात जेमतेम पाच. पुढे-मागे कोण, हे लेखीच ठरवते. अंतर्गत गुण सगळ्यांना एकाच उंचीच्या पाटावर उभं करतात. रेघ नसती तर अंतर्गतच्या ३६ वर लेखीत फक्त ४ मिळवून पोरगं पास! दहावीला हेच पाहिलं आपण. २०१९ मध्ये भाषा नि समाजशास्त्रांचे अंतर्गत २० गुण काढले, तर राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत दिले आणि निकाल ९५.३०. (त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर झाला नव्हता, तेही धरा.)

अंतर्गतच्या १६ च्या रेघेमागेही कारण आहे. ती नसेल तर सत्रभर फिरकायचं नाही आणि शेवटी गाइड पाठ करून ६० पैकी ४० काढायचे, असं होईल. मान्य. पण लेखीत आपटलेल्याला पुढच्या परीक्षेचा फॉर्म तरी भरता येतो. अंतर्गतचा फॉर्म कुठल्या खिडकीवर मिळतो? आम्हाला सांगितलं, पुढच्या वर्षीच्या बॅचबरोबर चाचणी देऊ. तोवर ४७ वाल्या मुलीने एटीकेटीचा शिक्का घेऊन हिंडायचं. रेघ ठेवायची तर गुण लॉक करण्याआधी हुकलेली चाचणी परत घ्या, आणि प्रत्येक घटकाचे गुण फलकावर लावून त्यापुढे मुलांच्या सह्या घ्या. एका कागदाचं काम आहे. त्या सहीच्या वेळीच पोरगी म्हणाली असती, ‘सर, माझी वही?’

पुतणीचा अर्ज आवक क्रमांकासह दिला आहे. वहीची झेरॉक्स जोडली आहे, मूळ वही मी कुणाला देणार नाही.

जाता जाता, गेल्या खेपेला माझं पत्र छापताना आपण आकडे गाळलेत आणि ‘नमस्कार’ तेवढा ठेवलात. या खेपेला उलट केलंत तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. जिंतूर, जि. परभणी