बॅटरी मी नव्हे, आपल्या इन्व्हर्टरने रिकामी केली: वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: पूर्ण उतरलेल्या बॅटरीनंतर हायब्रिड इन्व्हर्टर चालू न होणे, मदत कक्षाने दिलेल्या धोकादायक सूचना आणि नाकारलेली वॉरंटी

महोदय,

माझ्या बॅटरीचा दावा आपण "ग्राहकाने बॅटरी प्रमाणाबाहेर उतरवली" असे कारण देऊन फेटाळला आहे. हे कारण मला मान्य नाही. इन्व्हर्टरच्याच नोंदी ते खोटे ठरवतात, म्हणून घडलेले सगळे सविस्तर लिहीत आहे.

माझ्याकडे आपला 5 किलोवॉटचा हायब्रिड इन्व्हर्टर आणि आपण त्याच्यासोबत दिलेली 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे. दोन दिवस आभाळ भरलेले होते आणि ग्रिडही गेलेली होती. दुसऱ्या रात्री 9 वाजून 40 मिनिटांनी बॅटरी 10 टक्क्यांवर आली आणि आपल्या तंत्रज्ञाने ठरवून दिल्याप्रमाणे इन्व्हर्टरने घराचा पुरवठा तोडला. इथपर्यंत सगळे बरोबर झाले. त्यानंतर घरातला एकही दिवा त्या बॅटरीवर चालला नाही.

पण इन्व्हर्टर स्वतः जागाच राहिला. पडदा, पंखा, आतले कंट्रोल बोर्ड हे सगळे बॅटरीवर चालू होते. नोंदीत रात्रभर सुमारे 1.2 अँपिअरचा करंट दिसतो, म्हणजे जवळपास 58 वॉट. बॅटरीची एकूण क्षमता 5.12 युनिट, त्यातले 10 टक्के म्हणजे अर्धा युनिट. 58 वॉटने अर्धा युनिट साडेआठ-पावणेनऊ तासांत संपतो. बरोबर साडेआठ तासांनी, सकाळी 6 वाजून 10 मिनिटांनी, बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने, म्हणजे बीएमएसने, सेल वाचवण्यासाठी बॅटरी तोडली. राखून ठेवलेला तो 10 टक्के साठा आपल्याच यंत्राने खाल्ला. यात माझी चूक कुठे आहे ते आपण दाखवून द्यावे.

11 वाजता ग्रिड आली. इन्व्हर्टरचा पडदा उजळला, घरातले दिवे थेट ग्रिडवर लागले, पण पडद्यावर "बॅटरी जोडलेली नाही" असाच दोष दिसत राहिला आणि चार्जिंग काही सुरू होईना. मीटर लावून पाहिले तर बॅटरीच्या टोकांवर जेमतेम 3 व्होल्ट. सेल मेलेले नव्हते, बीएमएसने आतून दार बंद केले होते. बाहेरून चार्जरचा व्होल्टेज आल्याशिवाय बीएमएस आपणहून दार उघडत नाही, आणि बॅटरीचा व्होल्टेज दिसल्याशिवाय इन्व्हर्टर चार्जिंग सुरू करत नाही. दोघेही एकमेकांची वाट पाहत बसले. ही कोंडी फोडण्यासाठी आपल्या इन्व्हर्टरमध्ये लिथियम बॅटरी जागवण्याची सेटिंग आहे, हे मला नंतर कळले. ती मुळात बंद ठेवलेली असते आणि पुस्तिकेत तिच्याबद्दल एक ओळसुद्धा नाही.

आता मदत कक्षाविषयी. पहिल्या फोनवर सांगितले की बॅटरीचे रीसेट बटण दाबा आणि ब्रेकर चालू-बंद करत राहा. बटण दाबल्यावर टोकांवर 42 व्होल्ट दिसले, पण ब्रेकर चालू करताच ठिणगी उडाली आणि बॅटरी पुन्हा झोपली. इन्व्हर्टरच्या तोंडाशी मोठे कपॅसिटर असतात. ते रिकामे असताना बॅटरी थेट जोडली की क्षणभर प्रचंड करंट धावतो आणि बीएमएस त्याला शॉर्ट सर्किट समजते. असे पाच वेळा करायला लावले.

दुसऱ्या फोनवर सांगितलेले ऐकून मी खरोखर हादरलो: "पॅनलचे कनेक्टर काढून परत लावा." तोवर ऊन पडले होते. माझ्या पॅनलच्या ओळीत 300 व्होल्टच्या वर डीसी असतो. करंट वाहत असताना तो कनेक्टर ओढला तर आर्क पेटते, आणि डीसीची आर्क आपोआप विझत नाही. आधी डीसी आयसोलेटर बंद करा, एवढे साधे वाक्यही कोणी उच्चारले नाही. मी विजेच्या कामातला माणूस आहे म्हणून नकार दिला. दुसऱ्या एखाद्या ग्राहकाने विश्वासाने ते केले असते.

तिसऱ्या दिवशी आपला तंत्रज्ञ लेड-ॲसिड बॅटरीचा चार्जर घेऊन आला. त्यात इक्वलायझेशन, म्हणजे व्होल्टेज मुद्दाम नेहमीपेक्षा वर नेणारे चार्जिंग, बंद करण्याची सोय नव्हती. 16 सेलच्या या बॅटरीला 58.4 व्होल्टच्या वर नेता येत नाही, म्हणून मी त्यालाही परत पाठवले.

शेवटी मी मित्राकडून व्होल्टेज आणि करंट दोन्ही बांधता येणारा पॉवर सप्लाय आणला. लोडचा ब्रेकर, ग्रिड, पॅनलचा आयसोलेटर आणि बॅटरीचा ब्रेकर, सगळे बंद केले. सप्लायवर आधी 54 व्होल्ट आणि 5 अँपिअर ठरवले, प्लस-मायनस दोनदा तपासले आणि मगच तारा बॅटरीला लावल्या. काही सेकंदांत बीएमएसचा दिवा लागला. मोबाईलवर सेलचे आकडे आले: बहुतेक 2.6 च्या आसपास, सर्वांत कमजोर 2.41 व्होल्ट. तो 2 च्या खाली असता तर मी तिथेच थांबलो असतो. फार खोल उतरलेल्या सेलमध्ये आतले तांबे विरघळते, आणि चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका असतो. अर्धा तास 5 अँपिअरवरच ठेवले. कमजोर सेल 3 व्होल्टच्या वर गेला, बॅटरी कुठे गरम झाली नाही, तेव्हा 10 अँपिअर केले. दोन तासांत सुमारे 20 टक्के भरले.

मग सप्लाय काढला. इन्व्हर्टरचे बटण बंद ठेवून, ब्रेकरच्या दोन टोकांवर 50 ओहमचा, 25 वॉटचा रेझिस्टर चार-पाच सेकंद धरला. कपॅसिटर हळू भरले, ब्रेकर चालू केला, ठिणगी नाही. त्यानंतर इन्व्हर्टर, मग ग्रिड, मग पॅनल आणि सर्वांत शेवटी घराचा लोड. तेव्हापासून यंत्रणा चालू आहे. बॅटरीची टक्केवारी मात्र पहिल्यांदा 100 पर्यंत चार्ज होईपर्यंत चुकीचीच दिसत होती, हेही कोणी सांगितले नव्हते.

माझ्या मागण्या अशा. वॉरंटीचा नकार लेखी मागे घ्यावा आणि त्या कमजोर सेलची क्षमता आपल्या खर्चाने तपासून अहवाल द्यावा. घराचा पुरवठा तोडल्यावर थोड्या वेळाने इन्व्हर्टरने स्वतःही बॅटरीवरून उतरावे आणि ऊन किंवा ग्रिड आल्यावर जागे व्हावे, असे फर्मवेअर द्यावे. ते येईपर्यंत तोडण्याची मर्यादा 20 टक्के करावी, म्हणजे निदान सतरा तास हाताशी राहतील. बॅटरी जागवण्याची सेटिंग आणि वर लिहिलेला क्रम पुस्तिकेत घालावा. आणि उन्हात कनेक्टर काढायला सांगणे आजपासून बंद करावे. यासाठी मी उत्तराची वाट पाहणार नाही, उद्या पुन्हा फोन करून विचारणार आहे.

इन्व्हर्टरच्या नोंदी, बीएमएसच्या पडद्याची छायाचित्रे आणि मदत कक्षाच्या तिन्ही तक्रारींचे क्रमांक सोबत जोडले आहेत. 15 दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास हेच कागद मी ग्राहक आयोगापुढे ठेवीन.

आपला,
एक ग्राहक