व्हॉल्व्ह कुठला, ते विचारलंस म्हणून

प्रिय दत्ता,

परवा फोनवर तू विचारलंस, "मेटलचा घेऊ की टिश्यूचा, एका शब्दात सांग." एका शब्दात सांगता आलं असतं तर पत्र लिहायला बसलो नसतो. माझ्या हृदयात गेली चौदा वर्षं मेटलचा व्हॉल्व्ह टिकटिकतोय. म्हणजे आपण त्याला मेटलचा म्हणतो एवढंच, त्याच्या आतल्या झडपा एका कडक कार्बनच्या असतात. त्या झिजत नाहीत, माणूस आधी झिजतो. माझं ऑपरेशन एकोणचाळिसाव्या वर्षी झालं, लहानपणच्या सांधेतापाने मायट्रल व्हॉल्व्ह आवळला होता. त्या वयात टिश्यूचा, म्हणजे जनावराच्या अवयवापासून केलेला, बसवला असता तर तो पन्नाशीच्या आसपास खराब होऊन छाती पुन्हा उघडावी लागली असती. तरुण शरीरात टिश्यू लवकर चुना धरतो. म्हणून तेव्हा फारसा विचार करायची वेळच आली नाही.

तुझं तसं नाही. तू त्रेपन्नचा, आणि खराब झालाय तो ॲऑर्टिक, हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह. पन्नास ते पासष्ट हा मधला पट्टा. यात डॉक्टरही एकच उत्तर देत नाहीत, माणूस बघून ठरवतात. म्हणून मी तुला व्हॉल्व्हपेक्षा त्या गोळीबद्दल सांगतो, कारण मेटल घेतलास की संसार तिच्याशी करायचाय.

वॉरफरिन. सगळे म्हणतात रक्त पातळ करणारी गोळी, पण रक्त पातळ होत नाही, गोठायला वेळ लावतं एवढंच. गोठवणारी काही द्रव्यं यकृतात व्हिटॅमिन के वापरून तयार होतात, ही गोळी तिथेच आडवी येते. गंमत म्हणजे आज घेतलेल्या गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन दिवस, कधी जास्तही लागतात. त्यामुळे आजच्या चुकीचा हिशेब परवाच्या रिपोर्टात येतो. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लावतं त्याचा आकडा, तोच हा हिशेब: धडधाकट माणसाचा एक, माझा अडीच ते साडेतीन ठेवायचा, तुझ्या ॲऑर्टिकला साधारण दोन ते तीन पुरतो. खाली गेला तर व्हॉल्व्हवर गुठळी धरते, आणि ती सुटून मेंदूत गेली तर पॅरालिसिस. वर गेला तर रक्तस्राव. आणि हल्ली ज्या नव्या, आयएनआर न बघता घ्यायच्या गोळ्या निघाल्यात, त्या मेटलच्या व्हॉल्व्हला चालत नाहीत. डॅबिगाट्रानची चाचणी याच रुग्णांवर झाली होती, गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही, म्हणून ती मध्येच थांबवावी लागली. कुणी शहाणा म्हणाला की "आता नवीन गोळी आलीय", तर मान डोलवू नकोस.

खाण्याचं ऐक. पहिल्या वर्षी मला कुणीतरी सांगितलं, पालेभाजीत तेच व्हिटॅमिन के असतं, म्हणून ती बंद. मी सहा महिने मेथी-पालक तोंडात घातला नाही. मग डिसेंबर आला, बाजारात चाकवत, मेथी, हरभऱ्याची कोवळी भाजी. बायकोने एकदा केली आणि मी सुटलो. पंधरा दिवस रोज, कधी दोन्ही वेळ. माझा २.९ असलेला आयएनआर १.८ वर आला. डॉक्टरांनी गोळी वाढवली. रोज ४ मिलिग्रॅम म्हणजे आठवड्याला २८ चालू होती, ती फक्त सोमवारी आणि गुरुवारी ५ केली, म्हणजे ३०. एवढंसंच. दर आठवड्याला तपासत पंधरवड्यात आकडा २.७ वर आला. मी निवांत. जानेवारीअखेर भाजी कमी झाली, डोस तोच राहिला, आणि फेब्रुवारीत आयएनआर ३.९. परत २८. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "भाजी सोडायला कोणी सांगितलं? आठवड्यात जेवढी खाता तेवढी बारा महिने खा, डोस आम्ही तिच्यावर बसवतो." तेव्हापासून आठवड्यात तीन वाट्या, ठरलेल्या. कोथिंबीर भुरभुरण्यापुरती असेल तर काही होत नाही, वाटी भरून चटणी केली तर होतं. आणि उपास! पोटात कमी गेलं की आयएनआर वर चढतो. नवरात्रात नऊ दिवस साबुदाण्यावर राहायचा तुझा हट्ट मला माहीत आहे.

औषधं तर भाजीपेक्षा भयंकर. तीन वर्षांपूर्वी हिरडी सुजली, दाताच्या डॉक्टरने मेट्रोनिडॅझोल आणि दुखण्याची गोळी दिली. मी त्याला व्हॉल्व्हचं सांगितलं नव्हतं, त्यानेही विचारलं नव्हतं. पाचव्या दिवशी ब्रश करताना बेसिन लाल, आणि दंडावर, जिथे काही लागलंच नव्हतं, तिथे तळहाताएवढा निळा डाग. आयएनआर ६.४. डॉक्टरांनी दोन दिवस वॉरफरिन थांबवलं आणि लगेच पुन्हा तपासलं. उताऱ्याचं इंजेक्शन मुद्दाम दिलं नाही, कारण आकडा एकदम खाली कोसळला तर व्हॉल्व्हवरच गुठळी धरण्याची भीती. आता व्हॉल्व्हचं आणि गोळीचं लिहिलेलं कार्ड खिशात असतं. कंबरेत इंजेक्शन घेत नाही, दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही सलग आठवडाभर नाही. गोळी रात्री घेतो, म्हणजे सकाळी दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी आला की त्याच दिवशीचा डोस बदलता येतो. लॅब एकच ठेवतो.

टिकटिक म्हणालो ना, ती रात्री शांततेत बायकोलाही ऐकू येते. पहिले दोन महिने तिला झोप लागत नव्हती. आता ती म्हणते, ऐकू आली नाही तर झोप उडेल. खरंच आहे ते. आवाज दबका झाला आणि दम लागायला लागला, तर त्याच दिवशी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. झडप अडकल्याचं ते लक्षण असू शकतं.

आता तुझ्याकडे येतो. तू बागेत, शिडीवर, कोयता हातात. लॅबचा रिपोर्ट आणायला चिपळूणला जायचं म्हणजे तुझा अख्खा दिवस. बीपीची गोळी तू आठवड्यातून चारदा घेतोस, हे वहिनींनी मला सांगितलंय. तेव्हा रागवू नकोस, मी स्वतः मेटलवाला असून तुझ्यासाठी टिश्यूकडे झुकतो. सुरुवातीचे तीन-एक महिने गोळी बहुधा लागेल, मग साधी ॲस्पिरिन. किंमत माहीत असू दे: दहा-पंधरा वर्षांत तो झिजेल आणि पासष्टी-सत्तरीत पुन्हा काहीतरी करावं लागेल. कदाचित जांघेतून तारेने जुन्याच्या आत नवा बसवता येईल, कदाचित छाती उघडावी लागेल.

म्हणून सर्जनला दोन गोष्टी विचारच. माझ्या ॲऑर्टाच्या कडीत किती साइझचा व्हॉल्व्ह बसेल? लहान बसला तर पुढे आत दुसरा घालायला जागा उरत नाही. आणि माझे ठोके अनियमित आहेत का, एट्रियल फिब्रिलेशन? असेल तर रक्ताची गोळी तशीही लागणारच, मग टिश्यूचा निम्मा फायदा गेला.

काकू विचारत होत्या ना, टिश्यू म्हणजे कशाचा? गाईच्या किंवा बैलाच्या हृदयावरच्या आवरणाचा, नाहीतर डुकराच्या व्हॉल्व्हचा. त्यांना ऑपरेशननंतर कळण्यापेक्षा आधी सांग.

इकोचा रिपोर्ट फोटो काढून पाठव. सोमवारी माझंही रक्त द्यायचंय, तेव्हा डॉक्टरांना दाखवतो.

तुझा,
सुधीर