दिलीपला, त्या स्वप्नाबद्दल

पंचवटी, नाशिक

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू ते स्वप्न सांगितलंस आणि लगेच "जाऊ दे, सोड" म्हणालास. प्रार्थनेच्या वेळी तू मुलांसमोर उभा, अंगावर चिंधीही नाही, आणि मुलं रोजच्यासारखी प्रार्थना म्हणतायत. मी तेव्हा गप्प राहिलो, कारण मला जे सांगायचं होतं ते फोनवर नीट सांगता आलं नसतं. गेल्या हिवाळ्यात महिनाभर मला हेच स्वप्न पडत होतं.

माझी जागा रविवार कारंजा. सकाळची गर्दी, माझ्या अंगात फक्त बनियन. ते ओढून ओढून खाली आणतोय आणि ते पुरत नाही. घराकडे पळावं तर पाय उचलत नाहीत. आणि लोक? भाजीच्या पिशव्या घेऊन शेजारून जातायत. कुणी हसत नाही, कुणी वळूनही बघत नाही. जीव फक्त माझाच चाललाय.

फ्रॉइडचा स्वप्नांवरचा ग्रंथ १८९९ च्या अखेरीस आला. त्यात या स्वप्नाच्या नेमक्या ह्याच दोन खुणा त्याने टिपल्यात: बघणारे अनोळखी आणि निर्विकार असतात, आणि आपल्याला जागचं हलता येत नाही. स्वप्न नुसतं भीतीचं असतं तर लोकांनी दगड मारले असते, असं मला वाटतं. त्याचं स्पष्टीकरण असं, की लहानपणी आपण उघडे हिंडायचो, कुणाला त्याचं काही वाटायचं नाही, आणि त्या दिवसांत परत जायची इच्छा स्वप्न पुरी करतं. हे मला पुरेसं वाटत नाही. महिनाभर तेच स्वप्न त्याच महिन्यात का पडावं, याचं उत्तर त्यात मिळत नाही.

पायांबद्दल मात्र त्याचं म्हणणं पटलं. स्वप्नं रंगतात त्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू ढिले सोडतो, हे खरं. पण तेवढंच कारण असतं तर स्वप्नात कुणालाच कधी धावता आलं नसतं. तो म्हणतो, ही इच्छेतली ओढाताण असते, 'हो' आणि 'नको' एकाच वेळी. ते वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसलो.

कारण तुला ठाऊक नाही. त्या मोसमात आमच्या द्राक्षांचा निर्यातीचा माल नाकारला गेला. तपासणीत औषधाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. शेवटची फवारणी उशिरा झाली होती, चूक माझीच. मी घरी सांगितलं, "माल गेला, पैसे उशिरा येतील." मिळेल त्या भावात तो इथल्याच बाजारात विकला आणि बँकेचा हप्ता मित्राकडून उसने घेऊन भरला.

मग मी उशाशी वही ठेवली. पहाटे जाग आली की दिवा लावायच्या आधी स्वप्न मनात पुन्हा एकदा चालवायचं, मग चार ओळी: अंगावर काय नव्हतं, कोण होतं, कुणी पाहिलं का, आणि आदल्या दिवशी काय घडलं. पाच नोंदी झाल्या. पाचही वेळा आदल्या दिवशी सुमनने पैशांचं विचारलं होतं. आणि पाचव्या स्वप्नात त्या गर्दीत एकजण माझ्याकडे बघत होती. सुमनच. ओरडत नव्हती, नुसती बघत होती.

चुकीचं दुःख वेगळं असतं, दिलीप. उशिरा फवारलं, नुकसान झालं, पुढच्या वर्षी दिवस मोजून फवारीन, इथे ते संपतं. लाज म्हणते, तू माणूसच असा आहेस आणि आता ते दिसेल. कपड्यांशी तिचा संबंध थोडाच. २०१५ च्या कुंभात आपण त्र्यंबकला नागा साधूंची मिरवणूक पाहिली, आठवतं? अंगाला नुसती राख, आणि मान ताठ. त्यांनी झाकलेलं असं काही नव्हतंच. मी नखशिखांत कपड्यात घरी लपत होतो.

एका रात्री जेवण झाल्यावर सुमनला सगळं सांगून टाकलं. ती बराच वेळ भांडी आवरत राहिली, मग म्हणाली, "हे मला जानेवारीत कळायला हवं होतं." दोन दिवस बोलली नाही. स्वप्न त्यानंतरही एकदा पडलं. तेच कारंजं, तेच बनियन, फक्त पाय चालत होते.

तुझं गुपित माझ्यासारखंच असेल असं मी म्हणत नाही. कधी नुसती गोधडी सरकून अंग गार पडलं तरी असं स्वप्न पडू शकतं. पण तुला मुख्याध्यापक होऊन दोनच महिने झालेत आणि त्याच काळात ते सुरू झालंय. रात्री ओरडत उठत असशील, झोपायचीच भीती वाटत असेल, तर ते वेगळं; मग मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊ, मी सोबत येईन. नाहीतर आधी वही ठेव.

आणि पुढच्या वेळी मुलांच्या मागे, शिक्षकांच्या रांगेत नीट बघ. तुझ्याकडे बघणारं कुणी आहे का, ते मला कळव.

तुझा,
अरुण