गॅसच्या टाकीचे दोन फोटो

१८ मे २०२५

प्रिय आई-बाबा,
सा. न.

बाबा, फोटो मिळाले. फोनवर तुम्ही मला "टाकीची मुदत फेब्रुवारीतच संपली" म्हणालात आणि मी घाबरलो. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा उलगडा झाला.

वरच्या गोल कड्याला धरून ठेवणाऱ्या ज्या तीन उभ्या पट्ट्या असतात, त्यांतल्या एकीवर आतल्या बाजूने बी-२५ लिहिलंय. हा बी फेब्रुवारीचा नाही. वर्षाचे चार भाग केलेत: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर आणि डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे दोन आकडे सालाचे. म्हणजे ही टाकी ३० जून २०२५ पर्यंत चालेल. ही मुदत आतल्या गॅसची नसतेच. पत्र्याच्या टाकीची पुढची तपासणी कधी व्हायला हवी, ते त्यात सांगितलेलं असतं. त्या तपासणीत टाकीत दाबाने पाणी भरून ती गळते का, फुगते का, ते बघतात. नवी टाकी साधारण दहा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी या तपासणीला जाते.

त्याच फोटोत दुसऱ्या पट्टीवर १५.८ आहे. तुम्ही ते १५ ऑगस्ट वाचलंत, आई अजून हसतेय म्हणे! ते रिकाम्या टाकीचं वजन आहे, किलोत. त्यात १४.२ किलो गॅस मिळवला की बरोबर ३० होतात. गॅसवाल्याकडे काटा असतो, टाकी घेताना तेवढं भरतंय का ते बघा.

आता दुसरा फोटो, कोपऱ्यातल्या भरलेल्या टाकीचा. तिच्यावर ए-२५ आहे. म्हणजे तिची मुदत ३१ मार्चलाच संपली, आणि तुम्हाला ती एप्रिलमध्ये आणून दिली. मुदत संपली म्हणून ती उद्या फुटेल असं नाही, पण तपासणी टळलेली टाकी घरात ठेवायची नाही. ती जोडू नका, एजन्सीला फोन करून बदलून मागा. यापुढे गॅसवाला दारात असतानाच पट्टीच्या आत डोकावायचं. रंग उडाल्यामुळे कोड वाचता येत नसेल, तरी तीच टाकी घ्यायची सक्ती नाही.

टाकीवरचं सुरक्षेचं लेबल फोटोत अर्धं फाटलंय, पण १९०६ स्पष्ट दिसतो. हा गळतीसाठीचा, चोवीस तासांचा नंबर. आई, तो फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव, कारण लेबल टाकीबरोबर परत जातं.

आणि वास आलाच तर काय करायचं ते नीट वाचा, कारण रात्री उठल्यावर बाबांचा हात आधी दिव्याच्या बटणाकडे जातो. तिथेच चूक होते. बटण लावताना आणि बंद करतानाही बारीक ठिणगी पडते. म्हणून जे चालू आहे ते चालू राहू द्या, जे बंद आहे ते बंद. एक्झॉस्ट फॅनही लावायचा नाही. देवघरातली समई, उदबत्ती मात्र विझवा. शेगडीची बटणं आणि मग रेग्युलेटर बंद करा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, गॅलरीचं दार उघडा.

रेग्युलेटर बंद केल्यावर वास थांबला, तर गळती बहुतेक नळीत किंवा शेगडीत आहे. टाकीच्या तोंडाशीच फुसफुस ऐकू येत असेल तर रेग्युलेटर काढून तोंडावर प्लॅस्टिकची टोपी दाबून बसवायची. तिने गळती अडते. आई, हीच ती टोपी, जी तू दोरा कापून टाकून देतेस! दोरा तिला टाकीला बांधून ठेवण्यासाठीच असतो. वास खूप उग्र असेल तर टोपी शोधत बसू नका, दोघंही बाहेर पडा. जिन्यातला मेन स्विच बंद करता आला तर करा, कारण फ्रिज आपोआप चालू होतो. फोन खाली अंगणात जाऊन करा, स्वयंपाकघरातून नाही.

गळती शोधायला काडी कधीच ओढू नका. साबणाचा फेस लावा, बुडबुडे फुगले की जागा कळते. नारिंगी नळीवरची तारीखही बघून ठेवा. पाच वर्षं झाली असतील तर बदलायची. मागच्या दिवाळीत ती मला शेगडीजवळ चिरलेली वाटली होती.

बाबा, सर्दीनंतर तुम्हाला वास कमी येतो हे तुम्ही लपवता. म्हणून रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करायचं काम आईकडे.

नवीन टाकी आली की पट्टीच्या आतल्या बाजूचाच फोटो पाठवा.

तुमचा,
सचिन