चॅनेल मुलाचं, खातं आईचं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझा मुलगा 12 वर्षांचा आहे. नेरुळच्या डीपीएस तलावावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचे म्हणून त्याने हट्ट धरला. स्वतःचं गुगल खातं सांभाळायला आपल्याकडे किमान 13 वर्षं लागतात. मी त्याचं जन्मसाल पाच वर्षं मागचं भरून खातं उघडून दिलं. ही चूक माझी, म्हणूनच इतर पालकांसाठी लिहिते आहे.

काही महिन्यांनी त्यानेच खात्यात आपली खरी जन्मतारीख भरली. लगेच सूचना आली, 14 दिवसांत वयाची अट पूर्ण करा, नाहीतर खातं बंद होईल. मी पालकांची देखरेख जोडली आणि खातं वाचलं. पण 13 वर्षांखालच्या अशा खात्यावरून व्हिडिओ टाकता येत नाही, कमेंटही करता येत नाही. पोरगा दोन दिवस कोणाशी बोलला नाही. खोटं मी बोलले आणि शिक्षा त्याला झाली.

आता चॅनेल माझ्या खात्यावर, माझ्या खऱ्या वयासह आहे. तो चित्रीकरण आणि एडिटिंग करतो, मथळा लिहितो. पासवर्ड माझ्याकडे, व्हिडिओ मी चढवते, कमेंट आधी मी वाचते. चढवण्याआधी आवाज बंद करून व्हिडिओ एकदा पाहते, कारण मग लक्ष मागच्या गोष्टींकडे जातं. तिसऱ्या व्हिडिओत सोसायटीची पाटी आणि शाळेच्या शर्टावरचं बोधचिन्ह स्पष्ट दिसत होतं, ते काढायला लावलं. तो तलावावर असतानाच त्या दिवसाचा व्हिडिओ टाकायचा नाही, हेही ठरलं आहे.

एका प्रश्नावर बरेच पालक चुकतात. व्हिडिओ चढवताना तो ‘मुलांसाठी बनवलेला’ आहे का, असं विचारतात. व्हिडिओत मूल दिसतं म्हणून लोक ‘होय’ करतात. प्रश्न मात्र व्हिडिओ कोणासाठी आहे याचा असतो, त्यात कोण दिसतं याचा नाही. ‘होय’ केलं की कमेंट बंद होतात. आमचे व्हिडिओ पक्षी पाहणाऱ्या सगळ्यांसाठी आहेत, म्हणून उत्तर ‘नाही’. बालगीतांच्या चॅनेलला ते ‘होय’च द्यावं लागेल.

लाइव्हचा हट्टही झाला. जुलै 2025 पासून स्वतः लाइव्ह करायला 16 वर्षांची अट आहे, तेव्हा तो विषय मिटला. जाहिरातीचे पैसे घ्यायला अ‍ॅडसेन्स खातं 18 वर्षांवरच्या माणसाचं लागतं, त्यामुळे पैसे आले तरी ते पालकांच्याच खात्यात येणार. त्यांचा हिशेब मुलाला दाखवायचा की नाही, हे प्रत्येक घराने आधीच ठरवावं. आम्ही वहीत लिहायचं ठरवलंय. अजून एक रुपया आलेला नाही, पण वहीचं पहिलं पान त्यानेच आखून ठेवलं आहे.

आपली नम्र,
एक पालक, नेरुळ, नवी मुंबई