सोलरचा हप्ता आणि विजेचं बिल

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

धनकवडीच्या घरासाठी आलेलं सोलरचं कोटेशन नीट पाहिलं. तीन किलोवॅटचे १,८०,००० रुपये सांगितलेत. माझं स्पष्ट मत आहे की दोन किलोवॅटचीच सिस्टीम घ्या.

आपला वापर वर्षभराच्या सरासरीने महिन्याला २४० युनिट आहे. पुण्यात एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो, म्हणजे दोन किलोवॅटमध्ये आपली गरज भागते. तीन घेतले तर दरमहा १२० युनिट जास्तीचे होतील. ते महावितरणकडे जमा होतात खरे, पण ३१ मार्चला हिशोब होतो तेव्हा उरलेल्या युनिटला किरकोळ दर मिळतो. म्हणजे तिसऱ्या किलोवॅटचा हप्ता भरायचा आणि बिलात मात्र त्याने काही वाचायचं नाही.

आता हप्ता. दोन किलोवॅटला १,३०,००० धरू. दहा टक्के आपण भरायचे, बाकी १,१७,००० कर्ज. सहा टक्के व्याज आणि दहा वर्षं मुदत धरली तर हप्ता सुमारे १,३०० येतो. पीएम सूर्यघरची ६०,००० सबसिडी नंतर बाबांच्या खात्यात येईल. ती लगेच कर्जात भरा आणि 'हप्ता कमी करून द्या' असं बँकेला लेखी द्या. तसं सांगितलं नाही तर बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. सांगितलंत, तर हप्ता साडेसहाशेच्या आत येईल.

वाचणार किती? पहिल्या शंभर युनिटला करांसकट सात रुपये आणि पुढच्यांना तेरा रुपये धरले, तर २४० युनिटचे २,५२० होतात. नेमके दर बिलावर छापलेले असतात, ते घालून बघा. स्थिर आकार मात्र सोलरनंतरही भरावाच लागतो, तेव्हा बिल शून्य येईल असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे वीज कमी तयार होईल, तेव्हा एप्रिल-मेमध्ये जमा झालेले युनिट कामी येतील. म्हणून एका महिन्याच्या बिलावरून काही ठरवू नका.

बाबा, दोन गोष्टी तुम्ही स्वतः उभं राहून बघा. पॅनेल पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला लावू देऊ नका. डिसेंबरात टाकीची सावली तिकडे लांबवर पडते, आणि एका पॅनेलवर सावली आली तरी त्याच्याशी जोडलेल्या बाकीच्यांचीही वीज घटू शकते. दुसरं, नेट मीटर बसेपर्यंत सिस्टीम चालू करू देऊ नका. काही साधे मीटर बाहेर गेलेली वीजही वापरलेली म्हणूनच मोजतात, आणि बिल उलट वाढतं.

आई, लाइट गेली की हे सोलरही बंद पडतं, बाहेर तारांवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून. त्यामुळे घरातला बॅटरीचा इन्व्हर्टर काढू नका.

दोन किलोवॅटचं नवीन कोटेशन मागवा आणि पॅनेल डीसीआर, म्हणजे भारतातच बनवलेल्या सेलचे, आहेत असं त्यात लिहून घ्या. त्याशिवाय सबसिडी मिळत नाही.

तुमची,
ताई